बॉम्ब कुठे आहे हे आधीच सांगावे का? उत्कंठा आणि धक्का यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘सस्पेन्स फोडू नका’ असे आपण म्हणतो. त्यातला सस्पेन्स आणि दिग्दर्शक ज्याविषयी बोलतात तो सस्पेन्स एकच आहे का?

एक नाही, आणि बहुतेक गोंधळ इथूनच सुरू होतो. मराठीत ‘सस्पेन्स’ हा शब्द आपण ‘शेवटपर्यंत झाकून ठेवलेली गोष्ट’ या अर्थाने वापरतो. खुनी कोण, पेटीत काय होते, ती बाई खरोखर कोण होती, हे आधी कळले की सस्पेन्स फुटला असे आपण समजतो. पण त्या झाकलेल्या गोष्टीला ‘रहस्य’ हा चांगला शब्द आपल्याकडे आहे, आणि ती उघड होते तेव्हा जे घडते त्याला ‘धक्का’ म्हणता येते. सस्पेन्स म्हणजे उत्कंठा, आणि भीतीचा रंग चढला की धास्ती. ती बहुतेक वेळा नेमक्या उलट मार्गाने निर्माण होते. तिथे प्रेक्षकाला माहिती दिलेली असते आणि पडद्यावरच्या माणसाला ती नसते, किंवा दोघांनाही ती असते पण त्या माणसाला तिच्यावर काही करता येत नसते. या पानावर ‘उत्कंठा’ हा शब्द याच अर्थाने वापरला आहे.

मग उत्कंठा आणि धक्का यांतला फरक नेमका कसा सांगता येईल?

आल्फ्रेड हिचकॉक यांनी दिलेले उदाहरण इतके प्रसिद्ध आहे की ते टाळून पुढे जाता येत नाही. 1962 साली फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफो यांनी त्यांची प्रदीर्घ मुलाखत घेतली आणि पुढे तिचे पुस्तक झाले. त्यात हिचकॉक सांगतात त्याचा आशय असा : काही माणसे टेबलाभोवती बसून साध्या गप्पा मारत आहेत आणि अचानक टेबलाखाली बॉम्ब फुटतो. प्रेक्षक दचकतो, पण त्या क्षणापर्यंत त्याने पाहिलेला प्रसंग अगदी सामान्य होता. आता तोच प्रसंग असा घ्या की बॉम्ब ठेवताना प्रेक्षकाने पाहिले आहे, तो एक वाजता फुटणार हे त्याला ठाऊक आहे, आणि भिंतीवरच्या घड्याळात पाऊण वाजला आहे. संवादाचा एकही शब्द बदललेला नाही, तरी त्याच निरर्थक गप्पा आता असह्य होतात, कारण प्रेक्षकाला ओरडून सांगावेसे वाटते की खाली बघा. पहिल्या पद्धतीत पंधरा सेकंदांचा धक्का मिळतो आणि दुसरीत पंधरा मिनिटांची उत्कंठा.

या उदाहरणातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट बहुतेक जण सोडून देतात असे मला वाटते. ती अशी की उत्कंठा बॉम्बमध्ये नसून गप्पांमध्ये आहे. बॉम्ब दाखवायला एक शॉट पुरतो. त्यानंतर दिग्दर्शक दाखवत राहतो ते क्रिकेटचे, जेवणाचे, हवापाण्याचे बोलणे, आणि प्रेक्षकाला आधी मिळालेली माहिती त्या बोलण्याचा अर्थ बदलून टाकते.

केवळ ‘धोका आहे’ असे सांगितले की पुरते का?

पुरत नाही. ‘काहीतरी वाईट घडणार आहे’ एवढेच कळले तर अस्वस्थता येते, पण ती लवकर विरते, कारण प्रेक्षकाच्या मनाला धरून ठेवायला काही मिळत नाही. धास्ती टिकायची असेल तर प्रेक्षकाला तीन गोष्टी स्पष्ट दिसाव्या लागतात : काय बिघडू शकते, ते टाळण्यासाठी काय घडायला हवे, आणि हातात किती अवकाश उरला आहे. यांतली तिसरी गोष्ट सर्वांत जास्त दुर्लक्षिली जाते. अवकाश घड्याळानेच मोजला पाहिजे असे नाही. तो उतरत्या जिन्याच्या पायऱ्यांनी, जळत्या वातीने किंवा जवळ येणाऱ्या पावलांनीही मोजता येतो. मात्र तो मोजता आला पाहिजे.

शिवाय जागेचा नकाशा प्रेक्षकाच्या डोक्यात आधीच पक्का बसलेला असावा लागतो. दार कुठे, जिना कुठे, कोण कोणत्या बाजूने येणार, हे धोक्याच्या क्षणी समजावत बसले तर प्रेक्षक घाबरण्याऐवजी कोडे सोडवू लागतो.

एखादा प्रसंग उलगडून दाखवता येईल का?

यासाठी हिचकॉक यांच्या ‘नटोरियस’ (1946) या चित्रपटातल्या मेजवानीच्या प्रसंगाइतके चांगले उदाहरण मला माहीत नाही. त्यात एकही हत्यार निघत नाही, तरी श्वास रोखला जातो. पुढच्या उत्तरात कथानक उघड होते. पण याच पानाचा विषय पाहता, ते कळल्याने चित्रपट फिका पडत नाही याचा अनुभव वाचकांनी घ्यावा असे मी सुचवेन.

ॲलिशिया (इन्ग्रिड बर्गमन) ही अमेरिकेसाठी हेरगिरी करणारी तरुणी आहे. रिओ दि जानेरोमधल्या नाझी गटात शिरण्यासाठी तिने त्यांच्यापैकी ॲलेक्स सेबॅस्टियन (क्लॉड रेन्स) याच्याशी लग्न केले आहे. घराच्या तळघरात मद्याच्या बाटल्या आहेत आणि त्यांत काहीतरी लपवले आहे असा संशय आहे. तळघराची किल्ली ॲलेक्सच्या जुडग्यात असते. डेव्हलिन (कॅरी ग्रँट) हा अमेरिकी अधिकारी मेजवानीला येणार, ॲलिशिया त्याला किल्ली देणार आणि पाहुण्यांच्या गर्दीत दोघे तळघर तपासणार, असा बेत आहे. हा सगळा बेत प्रेक्षकाला आधी सांगितलेला आहे. काय घडायला हवे ते कळल्याखेरीज काय बिघडते आहे ते कळत नाही, म्हणून ही पायरी फार मोलाची आहे.

मेजवानीपूर्वी ॲलिशिया जुडग्यातून किल्ली काढते तेव्हा ॲलेक्स शेजारच्या खोलीत आहे. त्याची सावली दारावर हलताना दिसते आणि आवाज ऐकू येतो. किल्ली तिच्या मुठीत आहे आणि तेवढ्यात तो बाहेर येतो. तो रागावलेला नाही, उलट आपल्या मत्सराबद्दल क्षमा मागायला आला आहे. तो तिचे दोन्ही हात हातात घेतो, एका हाताची मूठ उघडून तळव्याचे चुंबन घेतो आणि दुसऱ्या हाताकडे वळतो. त्या दुसऱ्या मुठीत किल्ली आहे. ॲलिशिया त्याच्या गळ्यात हात टाकते, त्याच्या पाठीमागे किल्ली खाली सोडते आणि पायाने दूर सरकवते. इथे धोका प्रेमाच्या हालचालीतून येतो. तो जितका हळुवार होतो तितके आपण जास्त घाबरतो, आणि हे शक्य होते कारण मुठीत काय आहे हे आपल्याला माहीत आहे. ते माहीत नसते तर हा नवरा-बायकोचा साधा समेट ठरला असता.

मग येतो तो प्रसिद्ध शॉट. कॅमेरा दिवाणखान्याच्या वर, जिन्याच्या उंचीवर आहे. खाली झुंबर, पाहुणे, नोकर, सगळा झगमगाट दिसतो. तिथून कॅमेरा एकाच सलग हालचालीत खाली उतरत जातो आणि ॲलिशियाच्या हातापर्यंत येऊन थांबतो, तेव्हा बोटांमधली किल्ली पडदाभर झालेली असते. पुष्कळ जण या शॉटला केवळ तांत्रिक करामत समजतात. माझ्या मते ते माहितीचे वाक्य आहे : एवढ्या सगळ्या माणसांच्या गर्दीत खरा प्रसंग या हातात चालला आहे, आणि तो फक्त ती आणि तुम्ही जाणता.

त्या प्रसंगात घड्याळ कुठे आहे?

घड्याळ म्हणजे शॅम्पेनच्या बाटल्या. मेजवानीत शॅम्पेन संपत आली तर वाढपी आणखी बाटल्या मागणार, त्या तळघरात आहेत, आणि तळघर उघडायला ॲलेक्सने जुडगा काढला की किल्ली नाही हे त्याला कळणार. ही साखळी पात्रांच्या तोंडून एकदाच आणि स्वच्छ सांगितली जाते. त्यानंतर बर्फात ठेवलेल्या बाटल्या कमी होत असल्याचे फक्त मधूनमधून दाखवले की काम होते. दर वेळी कोणीतरी पाहुणा ग्लास पुढे करतो, हसतो, भरून घेतो, आणि तो निरुपद्रवी माणूस नकळत वेळ खाऊन टाकतो.

इकडे तळघरात डेव्हलिन कागद चाळत असताना फळीवरची एक बाटली त्याच्या धक्क्याने कडेकडे सरकत जाते. ती सरकताना आपण पाहतो, तो पाहत नाही. म्हणजे मोठ्या धास्तीच्या पोटात एक छोटी धास्ती ठेवली आहे. बाटली फुटते आणि आतून मद्याऐवजी काळी वाळू बाहेर पडते. ती वाळू म्हणजे युरेनियमचे खनिज आहे हे पुढे कळते; पण या क्षणी प्रेक्षकाला त्या शोधाचा आनंदही घेता येत नाही, कारण आता फरशी साफ करायची आहे आणि वर बाटल्या संपत आल्या आहेत.

इथे संकलनाचा एक नियम दिसतो. वर आणि खाली असा कट प्रत्येक वेळी नवी बातमी घेऊन येतो : आता इतक्या उरल्या, आता वाढपी मालकाकडे निघाला, आता मालक आणि वाढपी खाली येत आहेत. नवी बातमी नसलेला कट केवळ वेळ काढतो, आणि प्रेक्षकाला ते लगेच जाणवते.

पात्राला धोका कळला की उत्कंठा संपते का?

संपत नाही, फक्त कोणाला काय माहीत आहे याची वाटणी बदलते. ‘नटोरियस’चा पुढचा भाग त्यासाठीच पाहण्यासारखा आहे. ॲलेक्स त्या रात्री जुडग्यात किल्ली नसल्याचे पाहतो आणि सकाळी ती परत आलेली पाहतो. आता त्याला बायकोचे गुपित कळले आहे, आपल्याला त्याचे कळले आहे, आणि तिला मात्र काहीच कळलेले नाही. मेजवानीत ती आपल्याबरोबर होती. आता ती एकटी अंधारात आहे. ॲलेक्स आणि त्याची आई तिला कॉफीतून विष देऊ लागतात. त्या दृश्यांत कप चित्रचौकटीत पुढे आणि मोठा दिसतो, ती मागे बसून सहज बोलत असते, आणि आपले लक्ष तिच्या बोलण्याकडे लागत नाही. विष कालवतानाचे काही दाखवावे लागत नाही.

तिला सत्य कळते ते एका पाहुण्या डॉक्टरने चुकून तिचा कप उचलल्यावर, कारण मायलेक दोघेही एकदम त्याला अडवतात. मग शेवटचा जिना येतो. डेव्हलिन तिला आधार देऊन खाली आणतो, खाली ॲलेक्सचे साथीदार उभे आहेत, आणि ॲलेक्स तोंड उघडू शकत नाही. कारण आपण एका हेराशी लग्न केले हे त्यांना कळले तर ते त्यालाच संपवतील. ते असे करतात हे आपल्याला आधीच माहीत आहे, कारण चित्रपटाच्या पूर्वार्धात एमिल नावाच्या साथीदाराने एका बाटलीकडे पाहून गोंधळ केला होता आणि त्या चुकीची किंमत त्याने जिवाने मोजली होती. तेव्हा किरकोळ वाटलेली ती माहिती इथे जिन्याच्या प्रत्येक पायरीवर उपयोगी पडते.

हे तंत्र कुठे फसते?

याचे उदाहरणही हिचकॉक यांच्याच कामात आहे. ‘सॅबोटाज’ (1936) हा त्यांचा चित्रपट जोसेफ कॉनराड यांच्या 1907 सालच्या कादंबरीवर आधारलेला आहे. त्यात लंडनमध्ये सिनेमागृह चालवणारा व्हर्लॉक आपल्या बायकोच्या लहान भावाच्या, स्टीव्हीच्या हाती एक पुडके देतो. त्यात बॉम्ब आहे आणि तो दुपारी पावणेदोन वाजता फुटणार आहे हे आपल्याला माहीत आहे, मुलाला नाही. बरोबर त्याच्याकडे चित्रपटाच्या रिळांचे डबेही आहेत. वाटेत एक फेरीवाला त्याला पकडून दात घासण्याचे प्रात्यक्षिक दाखवतो, मग मिरवणुकीची गर्दी आडवी येते, आणि उशीर झाल्यामुळे तो बसमध्ये चढतो. बसमध्ये शेजारी एक कुत्र्याचे पिल्लू आहे. मधूनमधून घड्याळे दिसत राहतात.

इथपर्यंत सर्व काही आदर्श आहे. पण बॉम्ब खरोखर फुटतो, आणि मुलगा व इतर प्रवासी मरतात. प्रेक्षक संतापले, आणि त्रुफो यांच्याशी बोलताना हिचकॉक यांनी ही आपली गंभीर चूक असल्याचे मान्य केले. इतका वेळ प्रेक्षकाला मुलाच्या जिवाला बांधून ठेवल्यावर त्याला सुटका द्यायला हवी होती, असे त्यांचे मत झाले.

मला स्वतःला हा निष्कर्ष पूर्णपणे पटत नाही. स्टीव्हीच्या मृत्यूशिवाय त्या चित्रपटाचा उत्तरार्ध उभाच राहत नाही. बहिणीच्या हातून जे घडते ते त्या मृत्यूमुळेच घडते. माझ्या मते अडचण मृत्यूची नसून त्याआधीच्या रंजनाची आहे. फेरीवाल्याचा प्रसंग विनोदी आहे, पिल्लू गोड आहे, आणि प्रत्येक उशीर अशा ढंगाने दाखवला आहे की हे सर्व शेवटी सुखरूप पार पडेल असे प्रेक्षकाने गृहीत धरावे. ते गृहीतक मोडल्यावर आपल्याशी खेळ केला गेला असे त्याला वाटते. मुलगा मरणार असेल तर त्या उशिरांचा सूर वेगळा हवा होता. हिचकॉक यांचे म्हणणे मात्र एका बाबतीत निर्विवाद खरे आहे : ताणलेल्या धास्तीची परतफेड कशी करायची हे ती ताणायला सुरुवात करण्यापूर्वीच ठरवावे लागते.

धोक्यात असलेले पात्र आपल्याला आवडले पाहिजे का?

आवडले तर उत्तम, पण ती अट नाही. ‘सायको’ (1960) मध्ये नॉर्मन बेट्स खुनाचे पुरावे असलेली गाडी दलदलीत ढकलतो. गाडी बुडू लागते, आणि अर्ध्यावर थांबते. त्या काही क्षणांत बहुतेक प्रेक्षकांचा श्वास अडकतो. गाडी बुडावी असे त्यांना मनापासून वाटते, आणि ती बुडाली की हायसे वाटते. थोड्याच वेळापूर्वी ज्या स्त्रीसाठी ते हळहळले तिचे प्रेत त्याच गाडीत आहे. काम काय आहे आणि ते पुरे व्हायला काय आडवे येते आहे हे स्पष्ट दिसले की मन त्या कामाच्या बाजूला झुकते, मग ते काम कसेही असो.

काहीच घडत नसताना धास्ती कशी उभी राहते?

पक्षी माणसांवर हल्ले करू लागतात अशी कथा असलेल्या ‘द बर्ड्स’ (1963) मधला शाळेबाहेरचा प्रसंग यासाठी पाहावा. नायिका मेलनी बाकावर बसून सिगारेट ओढते आहे, आतून मुलांच्या गाण्याचा आवाज येतो. तिच्या मागे मुलांच्या खेळायच्या लोखंडी सांगाड्यावर एक कावळा येऊन बसतो. कॅमेरा तिच्याकडे जातो, परत मागे वळतो, तेव्हा आणखी काही कावळे असतात. असे काही वेळा होते. तिने मागे वळून पाहिलेले नाही; आपण पाहिले आहे.

यानंतर हिचकॉक जे करतात ते या विषयातले सर्वांत शिकण्यासारखे पाऊल आहे. ते कॅमेरा मेलनीवरच ठेवतात आणि बराच वेळ मागे काय चालले आहे ते दाखवतच नाहीत. कावळ्यांची संख्या वाढते आहे हा हिशोब आपल्याला शिकवून झालेला आहे, त्यामुळे न दिसणाऱ्या जागेत आपण स्वतःच कावळे भरू लागतो. अखेर ती आकाशात एक कावळा पाहते, नजरेने त्याचा माग काढते, आणि तो जिथे उतरतो तो सांगाडा पूर्णपणे काळा झालेला असतो. म्हणजे आधी माहिती देऊन उत्कंठा उभी केली, मग तीच माहिती थोडा वेळ रोखून तिच्यावर धक्का चढवला. आपण दहा-वीस कावळ्यांची अपेक्षा करत होतो. या चित्रपटाला नेहमीचे पार्श्वसंगीत नाही. तिथे ऐकू येते ते मुलांचे तेच तेच कडवे, आणि त्याला कावळ्यांची काहीच खबर नाही.

मग रहस्य राखून ठेवणे चुकीचे आहे का?

नाही. शेवटचा उलगडा हाच ज्या कथेचा गाभा आहे तिथे तो राखलाच पाहिजे, असे हिचकॉकही मानत. प्रश्न असा विचारावा की ही माहिती दडवल्याने मला शेवटी किती मिळते आणि ती आत्ता दिल्याने मधल्या प्रसंगांना किती मिळते. ‘व्हर्टिगो’ (1958) ज्या फ्रेंच कादंबरीवर आधारला आहे तिच्यात दोन स्त्रिया म्हणजे एकच व्यक्ती असल्याचे अगदी शेवटी कळते. चित्रपटात ते बरेच आधी, नायकाच्या नकळत, प्रेक्षकाला सांगून टाकले आहे. त्यानंतर तो तिला नवे कपडे घ्यायला लावतो, केसांचा रंग बदलायला लावतो, आणि ‘ही कोण’ या प्रश्नाऐवजी ‘त्याला कळल्यावर काय होईल’ हा प्रश्न आपल्याला छळत राहतो. ती का विरोध करते हेही आपल्याला समजते, म्हणून तिच्याविषयी करुणा वाटते. रहस्य राखले असते तर ती केवळ हट्टी वाटली असती.

माहिती दडवणे आणि खोटी माहिती देणे यांत मात्र फरक आहे. ‘स्टेज फ्राइट’ (1950) मध्ये आरंभीच दाखवलेली पूर्वकथा पुढे खोटी ठरते. पडद्यावर दिसलेले खरे मानायची प्रेक्षकाला सवय असते, त्यामुळे पुष्कळांना ती फसवणूक वाटली, आणि तसे करायला नको होते असे हिचकॉक यांनी पुढे म्हटले.

आमच्या लघुपटातला प्रसंग उत्कंठेचा झाला आहे की नुसता धक्क्याचा, हे कसे ओळखावे?

पटकथेशी ओळख नसलेल्या एखाद्याला तो प्रसंग दाखवा, धोका प्रत्यक्ष होण्याच्या जरासे आधी चित्र थांबवा आणि विचारा, ‘आता काय होईल अशी तुम्हाला भीती वाटते?’ उत्तर ठोस आले, म्हणजे ‘तो कपाट उघडेल आणि तिला पाहील’ असे, तर माहिती पोहोचली आहे. ‘काहीतरी होणार असे वाटते’ असे उत्तर आले तर केवळ पार्श्वसंगीत आणि अंधार यांनी काम चालवले आहे. धोका कोणता आणि तो टळणार कसा, यांपैकी एखादी गोष्ट सांगायची राहिली आहे. ‘कशाचीच नाही’ असे उत्तर आले तर पुढे येणारा क्षण फक्त धक्का देईल.

त्यानंतर दुसरी चाचणी आवाज बंद करून घ्यावी. मुठीतली किल्ली, कमी होणाऱ्या बाटल्या, पुढे ठेवलेला कप हे सारे मूकपणे पाहिले तरी कळते. तुमच्या प्रसंगातला धोका संवाद ऐकल्याशिवाय समजत नसेल तर कोणती एक वस्तू तो दाखवू शकेल याचा शोध घ्यावा, तिचा एक शॉट प्रसंगाच्या सुरुवातीला टाकावा, आणि मग मधले बोलणे कापण्याऐवजी एकदा थोडे लांबवून पाहावे.